फोटोत ट्यूब दिसत नाही

प्रश्न: मी वाळपईचा. आईच्या कमरेला पुरळ आलंय, खूप खाजतं. डॉक्टरांनी आधी फोटो पाठवा आणि सोबत माहिती लिहा असं सांगितलंय. माहिती म्हणजे नेमकं काय लिहू? किती दिवस झाले, खाज आहे का, दुखतं का, कुठलं औषध लावलं, एवढंच ना? फोटो स्पष्ट असेल तरी हे सगळं लागतं का?

उत्तर:

लागतं. कमरेच्या पुरळाला तर फारच लागतं, कारण आपल्याकडे आज कमरेवर, जांघेत आणि काखेत जे दिसतं त्यातल्या पुष्कळ पुरळांचं मूळ रूप एखाद्या मलमानं आधीच पुसून टाकलेलं असतं. मी बरीच वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. फोटोवरून माझी चूक झाली, ती बहुतेक वेळा फोटो धूसर होता म्हणून झाली नाही. फोटो काढायच्या आधी त्या कातडीवर काय लावलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं म्हणून झाली.

गेल्या वर्षीचं एक उदाहरण सांगतो, तुमच्या आईंच्या तक्रारीशी मिळतंजुळतं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. डिचोली तालुक्यातल्या एका मुलानं आईचा फोटो पाठवला. खाली एक ओळ होती: ‘डॉक्टर, आईला कमरेला गजकर्ण की एक्झिमा असं काहीतरी झालंय, बरेच दिवस आहे, चांगलं मलम सांगा.’ फोटो उजेडात काढलेला होता, स्पष्ट होता. परकराची नाडी बांधतो त्या पट्ट्यात तांबूस-तपकिरी चट्टा, वर थोडे पापुद्रे, मधेमधे बारीक पुळ्या. कड कुठेच नीट दिसत नव्हती.

असा चट्टा नाडीच्या घासण्यानं होतो. नाडीच्या किंवा परकराच्या रंगाची अ‍ॅलर्जी असली तरी होतो. सोरायसिसही नाडीखाली येतो, कारण जिथे कातडी सतत रगडली जाते तिथे तो उठतो. आणि गजकर्ण तर येतंच, घाम आणि दमट कपडा त्याला हवाच असतो. या चारांची औषधं एक नाहीत. अ‍ॅलर्जीला जे मलम देतात ते गजकर्णावर लावलं तर बुरशीला मोकळं रान मिळतं. त्या एका ओळीवर मी काहीच लिहून दिलं नाही. मुलाला फोन केला, आईला शेजारी बसवायला सांगितलं आणि एकेक गोष्ट विचारत गेलो. शेवटी म्हटलं, आता हेच सगळं लिहून परत पाठव, म्हणजे माझ्याकडे नोंद राहील. त्यानं पाठवलं ते असं:

‘आई, वय 52. पहिला डाग चतुर्थीच्या आठवडाभर आधी दिसला, म्हणजे आता दहा आठवडे झाले. तेव्हा कमरेच्या उजव्या बाजूला, नाडीखाली, चार आण्याएवढा गोल होता. कड लाल आणि किंचित उंच, मध्ये साफ. खाज घाम आला की जास्त, रात्री एक-दोनदा जाग येते. दुखत नाही, पाणी किंवा पू नाही, ताप नाही. फार्मसीतून मलम आणलं, ट्यूबचा फोटो सोबत आहे. लावल्यावर तीन दिवसांत खाज गेली, आठवड्यात डाग फिका झाला म्हणून बंद केलं. पाच-सहा दिवसांत परत आलं. असं तीन वेळा झालं. दोन ट्यूबा संपल्या, तिसरी चालू आहे, शेवटचं काल रात्री लावलं. आता डाग पोटाकडे आणि पाठीकडे पसरलाय. सहा वर्षं डायबेटिसची गोळी, रोज सकाळी गॅसची गोळी. बाबांना दोन महिने जांघेत खाज आहे. टॉवेल दोघांचा एकच.’

फोटो तोच होता. पण आता मला त्यात गजकर्ण दिसत होतं. यातलं कुठलं वाक्य काय काम करून गेलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमचं लिहिता येईल.

आधी काळ. ‘बरेच दिवस’ यातून मला काही मिळत नाही. कुणाचे बरेच दिवस चार असतात, कुणाची चार वर्षं. तारीख आठवत नसेल तर सणावरून सांगा: चतुर्थीच्या आधी की नंतर, शिगम्याच्या वेळी होतं का, काजूचा हंगाम चालू होता का. आई अशा खुणांवर अचूक बोलते. आणि दोन वेगवेगळे आकडे लिहा: पहिला डाग कधी आला आणि हा फोटोतला डाग कधीचा आहे. गांधी उठतात तेव्हा हा फरक फार मोलाचा असतो. तक्रार दोन महिन्यांची असेल, पण एकेक गांध चोवीस तासांच्या आत विरून दुसरीकडे उठत असेल, तर ते शीतपित्त. हे पाहायची सोपी रीत म्हणजे एका गांधीभोवती पेनानं रेघ काढून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी रेघेच्या आत काही उरलंय का ते लिहायचं.

काही दुखण्यांत काळ तासांत मोजावा लागतो. छातीच्या, पाठीच्या किंवा चेहऱ्याच्या एकाच बाजूला आधी आग, टोचल्यासारखं दुखणं आणि मग फोडांचे झुबके आले तर ती नागीण असू शकते. तिची विषाणूविरोधी गोळी पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाली तर सर्वात जास्त उपयोग होतो. असा फोटो ‘काल सकाळी पहिला फोड’ एवढ्या शब्दांसह आला की मी हातातलं काम ठेवून आधी तो बघतो. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर फोटोवर थांबायचंच नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

खाजेबद्दल ‘खूप’ आणि ‘थोडी’ हे शब्द वापरू नका. झोपेतून जाग येते का, किती वेळा, आणि घरात आणखी कुणाला खाज आहे का, हे लिहा. रात्री अंथरुणात पडल्यावर खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, बेंबीभोवती बारीक पुळ्या आहेत आणि घरातल्या दोघा-तिघांना तसंच होतंय, असं वाचलं की मी खरजेचा विचार करतो. मग औषध एकट्या रुग्णाला देऊन भागत नाही, सगळ्या घराला एकाच दिवशी द्यावं लागतं. वरच्या पत्रात बाबांच्या जांघेतल्या खाजेचं आणि एका टॉवेलचं वाक्य शेवटी, सहज आल्यासारखं आलं होतं. आईला औषध देऊन बाबांना तसंच सोडलं असतं तर महिन्याभरात आईची कंबर पुन्हा होती तशीच झाली असती.

खाज नसेल तर तसंही लिहा. ‘खाज नाही, दुखत नाही’ हे वाचून लोकांना बरं वाटतं, मला मात्र पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो. फिकट किंवा तांबूस चट्टा, खाज अजिबात नाही, महिनोन्महिने तसाच आहे, असं असेल तर त्या जागी स्पर्श कळतो का ते बघा. आईला डोळे मिटायला सांगा, कापसाच्या बारीक टोकानं कधी चट्ट्यावर, कधी शेजारच्या चांगल्या कातडीवर हलकेच टेकवा आणि कुठे लागलं ते बोटानं दाखवायला सांगा. चट्ट्यावरचा स्पर्श कळत नसेल तर ते ठळक लिहा आणि प्रत्यक्ष दाखवायला या. कुष्ठरोग अजून गेलेला नाही. वेळेत कळला तर गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, आणि बधिरपणा कुठल्याही कॅमेऱ्याला दिसत नाही.

आता औषध. माझ्या मते त्या पत्रातलं सर्वात मोलाचं वाक्य हे होतं: ‘लावल्यावर तीन दिवसांत खाज गेली, बंद केलं की पाच-सहा दिवसांत परत आलं.’ स्टिरॉइड असलेलं मलम बुरशीवर लावलं की असंच होतं. खाज आणि लाली हा बुरशीशी लढणाऱ्या शरीराचा प्रतिसाद असतो, आणि स्टिरॉइड तो प्रतिसाद दाबतं. त्यामुळे दोन-तीन दिवसांत आराम पडतो. बुरशी मात्र मरत नाही, उलट निर्धास्तपणे पसरते. गजकर्णाची जी ओळख, म्हणजे बाहेर सरकत जाणारी लाल उंच कड आणि मध्ये निवळलेली कातडी, तीच पुसट होते. फोटोत कड नव्हती ती यामुळे. पहिला डाग गोल होता आणि त्याला कड होती हे मुलानं लिहिलं नसतं तर ते मला कधीच कळलं नसतं. म्हणून पहिला डाग कसा होता हे आठवून लिहा, आज कसा दिसतो त्याच्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

लोक लिहितात, ‘एक पांढरं मलम लावलं, ट्यूब निळी होती.’ यावरून काही ठरत नाही. ट्यूबचा फोटो पाठवा, आणि नावाच्या बाजूचा नको, मागच्या बाजूचा. आपल्या घरात ट्यूब खालून गुंडाळत नेतात आणि घटकांची बारीक अक्षरं नेमकी त्या गुंडाळीत जातात. ट्यूब टेबलावर ठेवा, हलक्या हातानं उलगडा, अंगठ्यानं सपाट करा, खिडकीकडे तिरपी धरा म्हणजे चकाकी जाईल, आणि अक्षरं वाचता येतील असा जवळून फोटो काढा. खोका असेल तर आणखी चांगलं. त्या मुलानं ट्यूब अशी उलगडल्यावर तीन नावं निघाली: क्लोबेटासोल 0.05 टक्के, मायकोनाझोल आणि नियोमायसिन. क्लोबेटासोल हे लावायच्या स्टिरॉइडांतलं अतिशय तीव्र. मायकोनाझोल बुरशीवर चालतं, पण एवढ्या तीव्र स्टिरॉइडच्या सोबतीनं त्याचं काही चालत नाही. नियोमायसिनची तिथे गरजच नव्हती, शिवाय काहींना त्याचीच अ‍ॅलर्जी येते. बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन ही नावं दिसली तरी ती स्टिरॉइडच आहेत हे लक्षात ठेवा. फार्मसीवाल्यानं दिलं, शेजारणीनं दिलं, मागच्या वर्षीचं उरलेलं होतं, जे असेल ते लिहा. यासाठी मी कुणालाच रागावत नाही. खाजेनं रात्रभर झोप नसलेल्या माणसाच्या हाताला जे लागतं ते तो लावतो.

मलमाबरोबर तीन गोष्टी हव्यात: दिवसातून किती वेळा, एकूण किती दिवस किंवा किती ट्यूबा, आणि शेवटचं कधी लावलं. शेवटची गोष्ट मी तपासणीसाठी विचारतो. कातडी हलकेच खरवडून, पापुद्रा काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे बघतात. कालपर्यंत बुरशीचं मलम लावलेलं असेल तर धागे असूनही न सापडण्याची शक्यता असते, आणि मग ‘बुरशी नाही’ या निकालावर मी विसंबू शकत नाही. घरगुती लावलेलंही सांगा. हळद लावली असेल तर फोटोत चट्टा पिवळट दिसतो, खोबरेल किंवा कोकमतेल लावलं असेल तर पापुद्रे दबतात आणि कातडी उगाच चकाकते. लसूण ठेचून बांधला असेल तर जे दिसतंय ते भाजल्याचं असू शकतं, मूळ रोगाचं नव्हे. त्यामुळे फोटो काही लावायच्या आधी, सकाळी अंघोळ करून कोरडं झाल्यावर काढा.

पोटातल्या गोळ्या लिहिताना लोक बीपी आणि डायबेटिसच्या लिहितात, गॅसची गोळी विसरतात. ती त्यांना औषध वाटतच नाही, सकाळच्या चहासारखी सवय वाटते. पण गजकर्णासाठी देतात त्या इट्राकोनाझोलच्या नेहमीच्या कॅप्सूलला पोटात आम्ल लागतं. पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर ती कॅप्सूल नीट शोषली जात नाही, रुग्ण महिनाभर घेतो आणि ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणतो. इट्राकोनाझोलचं कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी जमत नाही आणि हृदय कमजोर असलेल्यांना ते टाळावं लागतं. म्हणून आईंच्या गोळ्यांची पूर्ण पाकिटं एका ताटात मांडून एक फोटो काढा, आणि प्रत्येक गोळी किती काळ चालू आहे ते लिहा. अलीकडे सुरू झालेल्या गोळीची तारीख तर हवीच. औषधाचं पुरळ बहुधा नवी गोळी सुरू झाल्यावर चार दिवस ते दोन आठवड्यांच्या दरम्यान उठतं. आणि दरवेळी नेमका त्याच जागी काळसर गोल डाग येत असेल तर त्याआधीच्या दोन दिवसांत अंगदुखीची, जुलाबाची किंवा तापाची कुठली गोळी घेतली होती ते आठवून बघा.

काळानुसार बदल दाखवायला शब्दांपेक्षा फोटो बरे, पण ते एकमेकांशी ताडून बघता आले पाहिजेत. एकच खिडकी, सकाळची एकच वेळ, फ्लॅश बंद, चट्ट्याशेजारी दहा रुपयांचं नाणं. नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो, त्यामुळे दोन आठवड्यांनी चट्टा वाढला की आटला हे मला मोजता येतं. एक फोटो लांबून, म्हणजे तो शरीरावर कुठे आहे ते कळेल, आणि एक हातभर अंतरावरून. अगदी जवळून काढायचा मोह टाळा, फोन फोकस सोडतो. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर बारीक पापुद्रे टिकतात. जांघेचा फोटो पाठवायला संकोच वाटत असेल तर पाठवू नका, ‘तिथेही आहे, दोन्ही बाजूंना’ एवढं लिहिलं तरी चालतं. फोटोत चेहरा येऊ देऊ नका.

आणि रोगाचं नाव तुम्ही ठरवू नका. ‘एक्झिमा झालाय’ असं वाचलं की माझंही मन नकळत तिकडे झुकतं. दिसलं ते लिहा: गोल, लाल, कड उंच, पापुद्रा, पाणी.

काही वेळा मात्र लिहीत बसायचं नाही. पुरळाबरोबर ताप आहे, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले आहेत, कातडी सोलून निघतेय किंवा हात लावला तरी दुखतेय, ओठ-जीभ सुजली आहे, श्वास लागतोय, किंवा पाय लाल-गरम होऊन तासातासाला सूज वर चढतेय, तर 108 ला फोन करा किंवा थेट जवळच्या इस्पितळात, नाहीतर बांबोळीला गोमेकॉत जा. आधी चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत टाका, बाकी माहिती वाटेत आठवेल.

त्या डिचोलीच्या आईंना मी प्रत्यक्ष बोलावलं. खरवडून पाहिलं तर बुरशीचे धागे भरपूर होते. जांघेच्या कडेला मांडीवर तांबडे ताणाचे पट्टेही उठायला लागले होते, तीव्र स्टिरॉइड पातळ कातडीवर आठवडेच्या आठवडे लावल्याची ती खूण. तेवढा भाग फोटोत नव्हता. स्टिरॉइडचं मलम बंद केलं, गॅसच्या गोळीचं बघून बुरशीची गोळी ठरवली, लावायला साधं बुरशीचं मलम दिलं, चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावायला सांगितलं. साखर तपासली, ती वाढलेली होती. बाबांनाही औषध दिलं, टॉवेल वेगळे केले. परकर उन्हात किंवा इस्त्रीनं पूर्ण कोरडा झाल्याशिवाय नेसायचा नाही असं ठरलं.

मुलाला आधीच बजावलं होतं की स्टिरॉइड सोडल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे चट्टा जास्त लाल होईल, खाज वाढेल, कड पुन्हा उठून दिसेल. त्या वेळी जुनी ट्यूब काढायची नाही, फोटो काढून मला लिहायचं. सातव्या दिवशी त्याचा निरोप आला: ‘जुनं मलम बंद करून 7 दिवस. लाली वाढली, खाज रात्री तीनदा. नवीन गोळी रोज, एकही चुकली नाही. जुनं काही लावलेलं नाही.’ ही चार वाक्यं नसती तर त्याच फोटोवरून मला वाटलं असतं की औषध लागू पडत नाही, आणि मी ते बदललं असतं. तसं केलं नाही. चौथ्या आठवड्यात कड बसली. आठव्या आठवड्यातल्या फोटोत कमरेवर अजून तपकिरी पट्टा होता आणि खाली लिहिलं होतं: ‘रंग आहे, पण पापुद्रा नाही, कड नाही, खाज दोन आठवडे अजिबात नाही.’ तो रंग बुरशीचा नव्हता, भरून आलेल्या कातडीचा होता, आणि तो जायला कित्येक महिने लागतात. त्यामुळे गोळी तिथे थांबवता आली. मलम आणखी दोन आठवडे चालू ठेवलं.